सोबत नमुना जोडलेला नाही

अनुवादाच्या कामासाठी येणाऱ्या अर्जांत एक वाक्य हमखास असतं: 'मला सर्व विषयांचा विशेष अनुभव आहे.' यातली गंमत लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही, कारण तो पुढची यादी करण्यात गुंतलेला असतो. वैद्यकीय, कायदेविषयक, तांत्रिक, शेती, विमा, जाहिराती, मोबाइल गेम, पाककृती आणि शेवटी 'इ.'. त्या 'इ.'मध्ये अणुभट्ट्यासुद्धा येतात, असं समजून चालावं लागतं.

पुण्यातल्या एका अनुवाद संस्थेत असे अर्ज वाचणं हे माझं काम. माझ्या हुद्द्याचं नाव 'व्हेंडर मॅनेजर' आहे, त्यामुळे सोसायटीतल्या अर्ध्या लोकांना मी मंडईत काही तरी करतो असं वाटतं. त्यांचा गैरसमज मी दूर करत नाही. अनुवाद संस्था म्हणजे काय हे समजावून सांगण्यापेक्षा मेथीचा भाव सांगणं सोपं जातं.

अर्ज बहुतेक नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलामुलींचे असतात, आणि त्यांचा साचा पक्का असतो. आधी 'रिस्पेक्टेड सर/मॅडम'. मग 'आपल्या नामांकित संस्थेत', ज्याच्यापुढे पुष्कळदा दुसऱ्याच संस्थेचं नाव राहून गेलेलं असतं. मग वेग: 'मी दिवसाला आठ हजार शब्दांचा अनुवाद करू शकतो.' बऱ्यापैकी अनुवादक दिवसाला दोन ते अडीच हजार शब्द करतो, आणि संध्याकाळी त्याच्याशी कुणी बोलू नये अशी त्याची अवस्था असते. आठ तासांत आठ हजार म्हणजे मिनिटाला जवळजवळ सतरा शब्द. एवढ्या वेगात मला स्वतःची सहीसुद्धा नीट करता येत नाही.

त्यानंतर अनुभव. तो नेहमी पाच वर्षांचा असतो. याचं कारण आयएसओ १७१०० नावाचं २०१५ सालचं एक मानक. आमच्यासारख्या संस्था ते प्रमाणपत्र भिंतीवर लावतात, आणि एकदा लावलं की त्याप्रमाणे वागणंही आलं. त्यात अनुवादकाला आत यायला तीन दारं ठेवली आहेत. एक तर अनुवाद विषयातली पदवी हवी. नाही तर दुसऱ्या कुठल्याही विषयातली पदवी आणि वर दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव. आणि हेही नसेल, तर पाच वर्षांचा पूर्णवेळ अनुभव. या तीन दारांची बातमी कुठून तरी बाहेर पसरली आहे, पण तिसऱ्याच दाराची. त्यामुळे पदवी असो वा नसो, सगळे पाच वर्षं लिहितात. बावीस वर्षांच्या मुलाची पाच वर्षं मागे मोजत गेलं की आपण अकरावीच्या वर्गात जाऊन पोचतो. तिथे तो पूर्णवेळ अनुवाद करत होता, हे अकरावी या वर्षाची एकूण प्रकृती पाहता अगदीच अशक्य नाही.

आणि शेवटी नमुना. 'माझ्या विशेष अनुभवाचा पुरावा म्हणून सोबत फाइल जोडली आहे.' फाइल उघडावी, तर एखाद्या औषधाच्या चाचणीचं संमतिपत्र निघतं. वर औषध कंपनीचं नाव, खाली चाचणीचा क्रमांक, आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर ठळक अक्षरात 'गोपनीय'. हा शब्दही उमेदवारानं अचूक अनुवादित केलेला असतो. फक्त त्याचा अर्थ आपल्यालाही लागू आहे, हे त्याला वाटलेलं नसतं. असा अर्ज मी तिथल्या तिथे बाजूला ठेवतो. जो दुसऱ्याची कागदपत्रं मला पाठवतो, तो पुढच्या महिन्यात माझी तिसऱ्याला पाठवणार. जाणकार लोक नमुना म्हणून सरकारी माहितीपत्रक किंवा असाच कुठला तरी सर्वांसाठी खुला मजकूर स्वतः अनुवादित करून देतात. त्यात भानगड एकच: तो मजकूर खरोखर अनुवादित करावा लागतो.

हे सगळं सांगायचं कारण, मध्यंतरी सोलापूरहून एक अर्ज आला आणि त्यानं आमच्या ऑफिसात दोन दिवस गोंधळ घातला.

ईमेलच्या विषयाच्या ओळीतच लिहिलं होतं: 'इंग्रजीतून मराठी अनुवाद (उलट दिशेने नाही) व रुग्णांच्या मुलाखती (मराठी आणि तेलुगू)'. काय करता येत नाही हे विषयाच्या ओळीत लिहिणारा उमेदवार मी पहिल्यांदाच पाहत होतो. आत दोन पत्रं होती, एक मराठीत, एक इंग्रजीत. आमच्या मुद्रितशोधक बाईंनी सवयीनं दोन्ही शेजारी-शेजारी ठेवली आणि लाल खुणा करायला घेतल्या. 'दुसरा परिच्छेद इंग्रजीत गाळलाय. इथे मराठीत वाक्य जास्तीचं घातलंय. ही मुलगी अनुवादक कशी होणार?' पानाच्या तळाशी पोचल्यावर त्यांना एक बारीक ओळ दिसली: 'ही दोन स्वतंत्र पत्रे आहेत, एक दुसऱ्याचा अनुवाद नाही.' बाईंनी लाल पेनाला टोपण लावलं आणि चहा मागवला.

मुलगी बी.एस्सी., विषय सूक्ष्मजीवशास्त्र. घरात तेलुगू, शाळा मराठी, कॉलेज इंग्रजी. सोलापुरात हे काही नवल नाही. विणकामाच्या धंद्यामागे कित्येक पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली कुटुंबांत असंच असतं. आमच्या नोंदणी अर्जात मात्र 'मातृभाषा' असा एकच रकाना आहे आणि त्यात एकच भाषा मावते. तिनं पत्रात लिहिलं होतं: 'तेलुगू मी आईशी बोलते, पण लिहिताना चुकते. तेलुगूत अनुवादाचे काम देऊ नये. तेलुगू बोलणाऱ्या रुग्णांची मुलाखत घेऊ शकते.' आमच्याकडे 'चार भाषांवर प्रभुत्व' असलेले रोज येतात. त्यांतली चौथी भाषा बहुधा शाळेतलं शंभर गुणांचं संस्कृत असते.

पण गोंधळ झाला तो तिच्या 'विशेष अनुभवा'मुळे. तो एकाच गोष्टीचा होता. रुग्णांना द्यायच्या प्रश्नावल्या.

हे काम काय असतं ते सांगायला हवं. औषधाच्या चाचणीत साखर किती, रक्तदाब किती, हे यंत्र सांगतं. पण थकवा किती येतो, दुखतं किती, जिना चढवतो का, हे रुग्णालाच विचारावं लागतं. त्यासाठी छापील प्रश्नावल्या असतात. तीच प्रश्नावली पोलंडमधल्या रुग्णाला, पेरूमधल्या रुग्णाला आणि आपल्या पंढरपूरच्या रुग्णाला देतात आणि सगळ्यांच्या उत्तरांची एकत्र बेरीज करतात. आता तिघांना तीन वेगळे प्रश्न समजले असतील, तर ती बेरीज कसली? म्हणून नुसता अनुवाद करून भागत नाही. २००५ साली 'इस्पॉर' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या एका गटानं या कामाची दहा पायऱ्यांची रीत छापली, आणि साधारण तीच अजून चालते. दोन जण स्वतंत्रपणे मराठी करतात. तिसरा त्या दोन्हींचा मेळ घालून एक करतो. मग ज्यानं मूळ प्रश्नावली पाहिलेलीच नाही असा चौथा माणूस त्या मराठीवरून परत इंग्रजी करतो, आणि मूळ मंडळी ते इंग्रजी आपल्या इंग्रजीशी ताडून बघतात. कुठे वाकडं गेलं असेल तर प्रश्न विचारतात, पुष्कळ विचारतात. एवढं सगळं झाल्यावर पाचएक खऱ्या रुग्णांना समोर बसवून प्रश्नावली वाचायला देतात. इथे चार विद्वानांनी मिळून केलेलं मराठी पहिल्यांदा मराठी माणसाला भेटतं. तो क्षण बघण्यासारखा असतो.

कारण या प्रश्नावल्या लिहिल्या जातात ते एका विशिष्ट प्रकारच्या आयुष्याकडे बघून. जगभर वापरली जाणारी 'एसएफ-३६' ही छत्तीस प्रश्नांची अमेरिकन प्रश्नावली १९९२ साली प्रसिद्ध झाली. मध्यम श्रमाची कामं तुम्हाला जमतात का, हे विचारताना तिच्या मूळ इंग्रजीत उदाहरणं दिली आहेत ती टेबल सरकवणं, व्हॅक्यूम क्लीनर फिरवणं, बोलिंग आणि गोल्फ यांची. आता माढ्याच्या आजींना 'प्रकृतीमुळे गोल्फ खेळताना त्रास होतो का' विचारलं, तर त्या 'नाही' म्हणणार आणि खरंच सांगणार. त्यांचं उत्तर एका धडधाकट खेळाडूचं म्हणून मोजलं जाणार. म्हणून देशोदेशीच्या आवृत्त्यांत अशी उदाहरणं त्या त्या ठिकाणच्या, तेवढ्याच श्रमाच्या कामांनी बदलावी लागतात. पण तेही अनुवादकानं आपल्या मनानं करायचं नसतं. गोल्फऐवजी विहिरीचं पाणी शेंदणं घातलं तर श्रम एकदम दुप्पट होतात आणि सोलापूर जिल्हा आजारी ठरतो. बदल सुचवायचा, कारण लिहायचं, आणि प्रश्नावलीच्या मालकांची परवानगी यायची वाट बघायची.

आमच्या उमेदवारानं हे काम एका कंपनीत चौदा महिने केलं होतं. कंपनीचं नाव तिनं दिलं होतं. आजाराचं नाव, औषधाचं नाव, प्रश्नावलीचं नाव, काहीच दिलं नव्हतं. 'सोबत नमुना जोडलेला नाही, कारण नमुने माझे नाहीत,' एवढंच. मात्र आपण नेमकं काय केलं ते लिहिलं होतं: दोन प्रश्नावल्यांत दुसरी अनुवादक, तीन प्रश्नावल्यांसाठी रुग्णांच्या मुलाखती. आणि त्याखाली, मुलाखतींत काय बिघडलं ते.

पहिलं जिन्याचं. प्रश्न होता एक मजला चढून जाण्याबद्दल. मराठी निर्दोष होतं. उलट केलेलं इंग्रजी मुळाशी तंतोतंत जुळलं होतं. आजोबा म्हणाले, 'त्रास नाही.' तिनं विचारलं, 'कुठला जिना डोळ्यापुढं आला, आजोबा?' आजोबा म्हणाले, 'जिना कुठाय आमच्याकडं? माळ्यावर चढायला शिडी आहे, तिच्यावर पोरगं चढतंय.' म्हणजे त्रास नाही, कारण जिना नाही. आजोबा फाटकापासून खुर्चीपर्यंत दोनदा टेकून आले होते. हे तिनं अहवालात लिहिलं, आणि सोबत विचारलं की या प्रश्नाला मोजायचंय काय, गुडघा की दम? हा प्रश्न वाचून मी खुर्चीत जरा सरळ बसलो. प्रश्नावलीच्या मालकांकडे प्रत्येक प्रश्नामागच्या हेतूचा खुलासा असतो आणि तो मागायचा असतो, हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. खुलाशात दम निघाला, तर चढाचं दुसरं उदाहरण सुचवता येतं. गुडघा निघाला तर दुसरं.

दुसरं, 'गेल्या सात दिवसांत'. अशी मुदत जवळजवळ प्रत्येक प्रश्नावलीच्या डोक्यावर एकदाच छापलेली असते आणि खाली वीस-पंचवीस प्रश्न असतात. तिसऱ्या प्रश्नापर्यंत रुग्ण त्या सात दिवसांना धरून असतो. पाचव्याला तो गेल्या दिवाळीत गेलेला असतो, कारण खरा त्रास तेव्हा झाला होता, आणि आपल्या माणसाला त्रास सांगायचा तर मोठाच सांगायला हवा. एक मावशी तर पहिल्या बाळंतपणापर्यंत मागे गेल्या. हे तिला कळलं, कारण मधूनच ती विचारायची, 'हे कधी झालं, मावशी?' अनुवादात यावर फारसा उपाय नाही. तिनं सुचवलं ते एवढंच, की मुदत प्रत्येक पानाच्या सुरुवातीला पुन्हा छापावी. मान्य झालं की नाही, हे तिनं लिहिलं नव्हतं. बहुधा झालं नसावं. पानं वाढवायची म्हटली की सगळे गप्प होतात.

तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडली. उत्तरांसाठी पाच पर्याय होते, 'अजिबात नाही'पासून 'खूप जास्त'पर्यंत. मधले दोन होते 'थोडाफार' आणि 'काही प्रमाणात'. टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांना त्यांतला फरक दिसत होता, किंवा दिसत नाही असं कुणी म्हणायला तयार नव्हतं. हिनं ते पाच पर्याय पाच कार्डांवर लिहिले, पिसले, आणि रुग्णांना म्हणाली, 'कमीपासून जास्तीपर्यंत लावा.' पाचांपैकी तिघांनी मधली दोन कार्डं उलटी लावली. एका आजींनी ती एकावर एक ठेवली आणि म्हणाल्या, 'ही दोघं भावंडंच हायत, कुठलं बी घे.' विनोद म्हणून ठीक, पण आकडेमोडीत एकाला दोन गुण आणि दुसऱ्याला तीन. औषध चालतं की नाही, हे त्या भावंडांच्या भांडणावर ठरणार! पर्याय बदलले, नव्या रुग्णांकडून कार्डं पुन्हा लावून घेतली, तेव्हा कुठे क्रम जुळला.

आणि या तिन्हींच्या खाली तिचं एक वाक्य होतं: 'मुलाखतीत मी "समजलं का?" असे विचारत नाही, कारण सगळे "हो" म्हणतात.' हे वाक्य मी मोठ्यांदा वाचून दाखवलं. आमच्या मॅनेजर मॅडमनी विचारलं, 'समजलं का?' आम्ही सगळे 'हो' म्हणालो.

मग गुणवत्ता विभागाच्या साहेबांनी फाइल हातात घेतली आणि दुसरा दिवस सुरू झाला. 'अनुभव किती?' चौदा महिने. 'पदवी?' सूक्ष्मजीवशास्त्राची. म्हणजे दुसरं दार, आणि तिथे दोन वर्षं लागतात. खुद्द पत्रातच तिनं लिहून ठेवलं होतं: 'आपल्या मानकाची अट पूर्ण होण्यास मला दहा महिने कमी पडतात, याची नोंद घ्यावी.' साहेबांची पंचाईत झाली. उमेदवाराच्या कागदांतून पळवाट शोधायची त्यांना सवय आहे, पण ती उमेदवारानंच बुजवून ठेवली तर काय करायचं? त्याच आठवड्यात त्यांनी त्या अकरावीवाल्या मुलाच्या फाइलवर 'पात्र' लिहिलं होतं. तो नियमात बसत होता.

पत्राच्या शेवटी व्यवहार होता, तोही नेमका. चाचणी-मजकूर तीनशे शब्दांपर्यंत फुकट, त्यापुढे नेहमीच्या दरानं. हे वाचून दोघा-तिघांनी माझ्याकडे पाहिलं. काही संस्था मोठं काम तुकडे करून दहा उमेदवारांना 'चाचणी' म्हणून वाटतात आणि फुकटात काम उरकतात, हे या धंद्यात सर्वांना ठाऊक आहे. आम्ही तसं करत नाही, पण सोलापूरला ते कळायचा मार्ग नव्हता. वेग दिवसाला अठराशे शब्द, प्रश्नावली असेल तर चारशे. आमच्या हिशेबाच्या काकांना ते चारशे झेपेनात. 'चारशे? मग शब्दावर पैसे घेऊन ही खाणार काय?' मी त्यांना सांगितलं की म्हणूनच तिनं प्रश्नावलीसाठी शब्दाचा दर न देता तासाचा दिलाय. काकांनी चष्मा वर सरकवून पुढची ओळ वाचली: 'जीएसटी क्रमांक नाही. वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या खाली आहे.' तिथे मात्र काका मनापासून हसले. अनुवादकाच्या पत्रात वीस लाखांचा आकडा त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाहिला होता.

तोडगा अखेर मॅनेजर मॅडमनी काढला. मानकाची अट अनुवादकाला आहे, मुलाखत घेणाऱ्याला नाही. तेव्हा दहा महिने हिला मुलाखती द्यायच्या, अनुवादाचं दहा महिन्यांनी बघू. साहेबांनी मानक पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं, आणि नाइलाजानं सही केली.

मी तिला फोन केला. पहिलं काम तयारच होतं: पाच रुग्ण, तीन मराठी, दोन तेलुगू, दम्याची प्रश्नावली. अटी सांगितल्या, मानधन सांगितलं, पैसे काम दिल्यापासून पंचेचाळीस दिवसांनी मिळतील हेही जरा भराभर सांगितलं. ती सगळं ऐकून घेत होती. मी म्हटलं, 'काही शंका?'

'आहे, सर. रुग्णांना यायला-जायला एसटीचं भाडं कोण देणार? मागच्या वेळी मीच दिलं होतं.'

मी फोनवर हात ठेवून काकांना विचारलं. काकांनी विचारलं, 'तिकिटं आहेत का?'

'सर, त्यांत कुणी पंच्याहत्तरच्या वरचे असले तर? त्यांना एसटी फुकट. तिकीट शून्य रुपयांचं येतं. तेही जोडू का?'

काका म्हणाले, 'जोडायला सांग. ऑडिटला लागतं.'